सुट्टीवर गेलेलं दुकान

माझा दादा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणाला तसं वाटलं तर नातेवाइकांचे फोन मलाच येणार आहेत. वाईट नाही. पण त्या मे महिन्यात तो माझ्यासमोर असता तर मी त्याला प्लास्टिकच्या शीटमध्ये गुंडाळून चारी बाजूंनी सील करून टाकला असता. आजही ते दिवस आठवले की माझं डोकं सटकतं.

आमचा धंदा रेनकोटचा. लहान मुलांचे, शाळेत घालून जायचे रेनकोट, पाठीमागे दप्तरासाठी फुगा असलेले. घाटकोपरला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर छोटा गाळा आहे. तिथे आम्ही शीट कापतो, जोडतो, घड्या घालतो आणि एका शॉपिंग ॲपवर ऑनलाइन विकतो. दादाची कंपनी बंद पडली तेव्हा त्याने हे सुरू केलं, म्हणून खातं त्याच्या नावावर, मोबाईल नंबर त्याचा. मी मुलुंडहून रोज 'मदतीला' यायचे. मदत म्हणजे काय, तर माल कापायचा मी, फोटो काढायचे मी, ऑनलाइन माल लावायचा मी, किती साठा उरला ते बघायचं मी. दादा शीट आणायचा, कुरिअरवाल्याशी गप्पा मारायचा आणि कुणी विचारलं की "आमचा बिझनेस आहे" म्हणायचा.

लोकांना वाटतं, पाऊस पडला की रेनकोट खपतो. डोंबल! पाऊस पडायला लागल्यावर खपतो तो स्टेशनबाहेर टांगलेला, दोन दिवसांत फाटणारा. आमचा माल खपतो तो पाऊस येणार आहे या भीतीवर, आणि त्या भीतीला वेळापत्रक असतं. केरळातल्या शाळा जूनच्या सुरुवातीलाच उघडतात आणि पाऊसही तिथे आधी पोचतो, म्हणून मेच्या मध्यापासून तिकडून ऑर्डरी सुरू. त्यांना माल पोचायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून आया आधीच मागवतात. मग मंगळूर, उडुपी, गोवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात पुण्या-मुंबईच्या आया जाग्या होतात. आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्याला, विदर्भातल्या त्याच्याही नंतर. जून संपला की खेळ खलास. ज्याच्याकडे रेनकोट आहे तो दुसरा कशाला घेईल? जुलैत येतात त्या फाटलेल्याच्या बदल्यातल्या ऑर्डरी आणि "साइज लहान पडली" म्हणून परत आलेली पाकिटं.

म्हणजे सगळा धंदा पाच-सहा आठवड्यांचा. पण त्या पाच आठवड्यांत दिसायचं असेल तर माल एप्रिलमध्येच लावून ठेवावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये रोज दोन का होईना, पण ऑर्डरी येत राहिल्या, लोकांनी चार चांगले शब्द लिहिले, वेळेत माल गेला, तर ते ॲप तुम्हाला हळूहळू वर सरकवतं. ऐन हंगामात मुलांचा रेनकोट शोधला की आमचा पिवळा रेनकोट पहिल्याच पानावर यायचा. त्या जागेसाठी मी चार वर्षं घासली होती. एका आईने लिहिलं की साइज वयावर देऊ नका, आमचा मुलगा उंच आहे, तर मी सगळी साइज उंचीवर नेली. दुसरीने लिहिलं की दप्तर घातल्यावर पुढून वर उचलला जातो, तर मी मागची लांबी वाढवली, पॅटर्न पुन्हा कापला. हे सगळं मी केलं, दादाने नाही, हेही इथेच लिहून ठेवते.

आणि जोडायचं काम करायच्या त्या ताई. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. गोवंडीहून यायच्या. मूळच्या जालन्याकडच्या, नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन भावाकडे राहिलेल्या. रेनकोट शिवत नाहीत, सुई मारली की भोकातून पाणी येतं. शीटचे दोन पदर मशीनच्या पट्टीखाली ठेवायचे, पायाने पॅडल दाबायचं, तापून पदर एकमेकांत वितळतात. दाब अर्धा सेकंद जास्त झाला तर शीट जळते, कमी झाला तर खांद्यातून पाणी गळतं. आणि दप्तराच्या फुग्याचा कोपरा! तिथे तीन पदर एकत्र येतात. मी आजवर शंभर कोपरे केले असतील, त्यातले साठ फेकून दिले. ताईंच्या हाताने तो कोपरा असा बसायचा की नखाने उकरला तरी सुटायचा नाही.

आधीच्या वर्षी त्या आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी यायच्या. बाकी दिवस एका हॉस्पिटलात सफाईचं काम, कंत्राटदारामार्फत. कंत्राटी असलं तरी बारा महिने होतं, पगार वेळेवर होता. मीच त्यांच्या मागे लागले. "ताई, सोडा ते. फेब्रुवारी ते जून रेनकोट, नंतर दप्तरांची आणि मिक्सरची कव्हरं. वर्षभर मशीन थांबणार नाही, माझा शब्द." त्यांनी महिनाभर विचार केला. मग म्हणाल्या, "मॅडम, एकदा सोडलं तर तो कंत्राटदार परत त्या जागेवर घ्यायचा नाही बरं का." मी म्हटलं, "घ्यायची वेळच येणार नाही." असं छातीठोकपणे म्हटलं! शब्द देताना माणसाचं काय जातं?

जानेवारीच्या शेवटी त्यांनी ते काम सोडलं. फेब्रुवारीपासून पॅडलचा आवाज दिवसभर. चौदा एप्रिलची सुट्टी त्यांनी मार्चमध्येच सांगून ठेवली होती आणि आधीच्या दोन रविवारी येऊन त्या दिवसाचं काम पुरं करून टाकलं होतं. मला कौतुक वाटलं होतं. आता त्या आठवणीने वेगळंच वाटतं, ते पुढे येईल.

आता दादाकडे वळते. आमच्या घरात मे महिना आला की कोकणात जायचं म्हणजे जायचंच. वडील गिरणीत होते तेव्हापासूनचं आहे ते. गिरणी गेली, चाळ गेली, पण मेचं गाव काही सुटलं नाही. आंबे आहेत, फणस आहेत, कुणाचं तरी लग्न आहे, देवळाचं काहीतरी आहे. आता रेनकोटचा धंदा करणाऱ्या माणसाने मे महिन्यात गावी जाणं म्हणजे फटाकेवाल्याने दिवाळीत यात्रेला निघण्यासारखं. पण सांगणार कोण? मी सांगितलं होतं, हेच तर दुखणं आहे.

आदल्या वर्षीचा किस्सा. दादा गावी गेला, मी तापाने पडले. चार दिवस ऑर्डरी येत राहिल्या आणि गाळ्याला कुलूप. माल वेळेत गेला नाही, काही ऑर्डरी आपोआप रद्द झाल्या, ॲपवाल्यांचा ताकीद देणारा मेल आला. दादा आंब्याची पेटी घेऊन परत आला तेव्हा मी गाळ्यात, ताईंसमोर, कुरिअरवाल्यासमोर त्याच्यावर तुटून पडले. "गावी मरायचं असेल तर दुकानाला सुट्टी लावून जायला काय होतं? तेवढं बटण दाबायची अक्कल नाही?" असं म्हणाले मी. शब्द न् शब्द आठवतोय.

त्या ॲपमध्ये तशी सोय असते. सुट्टी लावली की तुमचा सगळा माल गिऱ्हाइकाला दिसायचा बंद होतो, म्हणजे ऑर्डरच येत नाही आणि उशिराची ताकीदही नाही. चार दिवस आजारी पडलात, गाळ्यात पाणी शिरलं, तर त्यासाठी आहे ती. ऐन हंगामात कुणी शहाणा माणूस तिला हात लावत नाही. मी तर रागाच्या भरात तोंडाला आलं ते बोलले होते.

पुढच्या वर्षी, म्हणजे ताई काम सोडून आमच्याकडे आल्या त्या वर्षी, दादा मेच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनी-मुलांना घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "बाय गो, काळजी करू नको, सगळं व्यवस्थित करून चाललोय." मी कातरीवर होते, मान वर न करता "बरं" म्हटलं. व्यवस्थित म्हणजे काय रे बाबा, हे विचारायला हवं होतं.

पहिला लॉट जवळजवळ तयार होता. माळ्यापर्यंत पाकिटं रचलेली, उंचीप्रमाणे चिठ्ठ्या लावलेल्या. ठरलेलं असं होतं की मेच्या मध्याला दक्षिणेकडून कशा ऑर्डरी येतात ते बघायचं आणि त्यावरून दुसऱ्या लॉटची शीट घ्यायची. शीटवाला मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतच थांबतो, नंतर त्याच्याकडेही चांगली शीट उरत नाही. दुसरा लॉट झाला तर ताईंचं जूनपर्यंतचं काम पक्कं आणि त्याच्या पैशातून पुढची कव्हरं. नाही झालं तर त्यांच्या मशीनवर टाकायला काही नाही. हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

एक दिवस ऑर्डर शून्य. दुसरा दिवस शून्य. मी म्हटलं, मे आहे, लोक फिरायला गेलेत. तिसऱ्या दिवशीही शून्य. आदल्या वर्षी याच आठवड्यात एर्नाकुलमच्या पत्त्यांची रांग लागली होती. मी साठा बघितला, बरोबर. फोटो, साइज, सगळं जागेवर. मला वाटलं कुणीतरी स्वस्तात माल लावलाय, म्हणून आमचेही दर थोडे खाली केले. चौथ्या दिवशीही शून्य! कुरिअरवाला दारात येऊन म्हणाला, "मॅडम, पिकअप में कुछ है ही नहीं, रोज काय बुलाते?"

पाचव्या दिवशी ताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून बघा ना एकदा. माझ्या मोबाईलवरून बघा." मी त्यांच्या फोनवर आमचाच रेनकोट शोधला. पहिलं पान, दुसरं, पाचवं. कुठेच नाही. जुनी लिंक उघडली तर फोटोखाली करड्या अक्षरात लिहिलेलं, 'सध्या उपलब्ध नाही'. पुन्हा लॅपटॉपवर गेले आणि मी एरवी कधी बघायचे नाही त्या खात्याच्या पहिल्या पानावर, वर एका बारीक पिवळ्या पट्टीत दिसलं. दुकान सुट्टीवर, दहा जूनपर्यंत.

दहा जून! मुंबईच्या शाळा पंधराच्या आसपास उघडतात म्हणून याने पाच दिवस आधीची तारीख टाकली. वा रे हुशारी! जणू काय सगळ्या देशातली पोरं आमच्या घाटकोपरच्या शाळेत जातात.

मी म्हटलं, सुट्टी काढून टाकू. तर माझ्या लॉगिनला ते बटणच नाही. माझ्या लॉगिनवर लेबलं छापता येतात, साठा बदलता येतो, फोटो टाकता येतो. दुकान उघडता-बंद करता येतं ते फक्त मालकाच्या लॉगिनवरून. आणि मालकाच्या लॉगिनला ओटीपी जातो मालकाच्या मोबाईलवर. आणि मालकाचा मोबाईल कुठे? जिथे रेंज घ्यायला सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, चढावं लागतं अशा गावात, कपाटात, सदऱ्यांच्या घडीखाली. "गावाक इल्यावर फोन कित्याक होयो", गावी आल्यावर फोन कशाला हवा, हे त्याचं दरवर्षीचं वाक्य. नवीन खातं काढावं तर कागदपत्रं, नंबर, तपासणी यात हंगाम निघून जाणार.

चार वर्षं मी ते दुकान चालवत होते आणि त्याची चावी माझ्याकडे नव्हती. कुणी काढून घेतली नव्हती, मीच कधी मागितली नव्हती. घरचंच तर आहे, दादाच तर आहे, म्हणून. त्याच्याएवढाच मला माझाही राग आला, पण तेव्हा तो दादावर काढणं सोपं होतं.

फोन लावला, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. वहिनीचाही तसाच. गावातल्या किराणावाल्याकडे दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं, त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगो, तो खय हा हय? तो सासुरवाडीक गेलो लग्नाक. परवा येतलो." मी म्हटलं, येईल तेव्हा त्याला आधी सड्यावर पाठवा, मग घरात घ्या. तो हसला. त्याला वाटलं, बहीण थट्टा करतेय.

ते दोन दिवस मी हातावर हात धरून बसले नाही. नमुन्याची पाकिटं पिशवीत घेतली आणि घाटकोपरचं मार्केट, मग मुलुंड, मग अंधेरीपर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडे तेच उत्तर. "मॅडम, आमचा माल एप्रिलमध्येच भरलाय. आता फक्त विकायचंय." एका दुकानदाराने रेनकोट हातात घेतला, फुग्याचा कोपरा ओढून बघितला आणि म्हणाला, "फिनिशिंग झकास आहे हो. मार्चमध्ये का नाही आलात?" मला त्याच्या गल्ल्यावर डोकं आपटावंसं वाटलं. मार्चमध्ये मला गरज नव्हती रे, मी पहिल्या पानावर होते.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. धापा टाकत होता, सड्यावर चढला असणार. मागे वारा घोंघावत होता.

"काय झालं गं? सगळे बरे आहेत ना?"

"दुकान बंद करून गेलायस तू! ओटीपी पाठवतेय, आकडे वाच."

"बंद कुठे? सुट्टी लावलीय."

"दादा, आकडे वाच!"

पाठवला. त्याच्याकडे मेसेज येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वेळ संपली. दुसरा पाठवला. मग त्याच्याकडे एकदम दोन मेसेज पोचले आणि या शहाण्याने पहिला वाचला. चूक. तिसरा पाठवला, त्यात तो म्हणतो, "बाय, चष्मा खाली घरात राहिलाय, हा तीन आहे की आठ?" मी म्हटलं, "बाजूला कुणी पोर असेल त्याला विचार!" तर म्हणे सड्यावर गुरं आहेत फक्त. आठ टाकला. स्क्रीनवर आलं, खूप वेळा चुकीचा आकडा टाकल्यामुळे चोवीस तासांसाठी लॉगिन बंद.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बाजूच्या गाळ्यातला स्क्रीन प्रिंटिंगवाला बघायला आला, एवढं सांगते. ताई मशीनवर बसून होत्या, हात मांडीवर. पॅडलखाली शीट नव्हती. पहिल्या लॉटची शेवटची बाही आदल्या दिवशीच संपली होती.

त्याच दिवशी शीटवाल्याचा फोन. "मॅडम, तुमचे रोल बाजूला ठेवलेत. आज सांगा. भिवंडीची पार्टी उभी आहे." काय सांगणार? माळ्यापर्यंत माल पडलेला, एक ऑर्डर नाही. रेनकोट पुढच्या वर्षीसाठी ठेवू म्हटलं तर घडीत घडी चिकटते, मुंबईच्या दमट हवेत शीट काळवंडते, ओढून सोडवावी तर फाटते. आधीचाच माल जाईल की नाही ठाऊक नाही आणि त्यावर नवीन शीट? मी ताईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्या मशीनची पट्टी फडक्याने पुसत होत्या. मी फोनवर म्हटलं, "द्या भिवंडीला."

दुसऱ्या दिवशी दादा चष्मा घेऊन, शेजारच्या मुलीला घेऊन सड्यावर चढला. आकडे बरोबर आले, दुकान उघडलं. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! रेनकोट शोधला तर आम्ही सातव्या पानावर. आमच्या पहिल्या पानावरच्या जागेत कुणीतरी आमच्यासारखाच पिवळा रेनकोट लावून बसलेला, फुगा सुद्धा तसाच. सातव्या पानापर्यंत कुठली आई जाते? मूल मांडीवर, गॅसवर दूध, ती पहिल्या चारांतला एक उचलते आणि मोकळी होते. पैसे भरून जाहिरात वर आणावी तर ऐन हंगामात सगळेच भरत असतात. केरळ गेलं होतं. मंगळूर, उडुपी गेलं. मुंबई-पुण्याचं थोडं मिळालं, विदर्भाचं त्याहून बरं मिळालं. मी दिवसाला दहा वेळा तो रेनकोट शोधायचे, सहावं पान, पाचवं, पुन्हा सहावं. जून संपत आला तेव्हा आम्ही तिसऱ्या पानावर पोचलो होतो आणि शोधणारं कुणी उरलं नव्हतं.

दादा परत आला तो खांद्यावर फणस घेऊन. गाळ्यात ठेवला, घाम पुसला आणि म्हणाला, "बरका आहे. आईने तुझ्यासाठी मुद्दाम ठेवला."

मी म्हटलं, "तो फणस आधी उचल इथून."

"अगं पण मी काय वाईट केलं? गेल्या वर्षी तूच सांगितलंस ना, सगळ्यांसमोर? गावी जायचं तर सुट्टी लावून जा, तेवढी अक्कल नाही का म्हणून. मी मुद्दाम शिकून घेतलं कुठे असतं ते बटण. वर्षभर लक्षात ठेवलं."

तो खोटं बोलत नव्हता, तेच तर वाईट. त्याला खरंच वाटत होतं की या वेळी त्याने शहाण्यासारखं केलं. मी ओरडले, "मला सांगायचं होतंस!" तो म्हणाला, "तू परत ओरडली असतीस."

यावर मी आणखी ओरडले. त्याने फणस उचलून बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवला आणि स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला कापायला सांगितलं. अख्ख्या मजल्याने फणस खाल्ला. ताईंना पण दिला. मी नाही खाल्ला. रागात मी काही खात नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ताई येत राहिल्या. पाकिटं बांधायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, परत आलेला माल तपासायच्या. ते काम मी एकटी करू शकत होते, हे आम्हा दोघींना दिसत होतं. मिक्सरच्या कव्हरची शीट घेऊ म्हटलं तर हातात काही उरलंच नव्हतं. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मॅडम, त्या कंत्राटदाराला भेटून आले. जुन्या जागेवर माणूस लागलाय. बोरिवलीच्या हॉस्पिटलात जागा आहे म्हणतो."

गोवंडीहून बोरिवली! मी म्हटलं, "ताई, एवढं लांब? जरा थांबा, ऑगस्टमध्ये काहीतरी करते मी."

"काय करता?"

त्यांनी चिडून नाही, साधं विचारलं. आणि त्यांनी चिडावं असं मला फार वाटत होतं. मी दादावर तोंडसुख घेतलं होतं, माझ्यावर कुणी घेतलंच नव्हतं. शब्द तर मी दिला होता. त्यांनी पर्स घेतली, मशीनचा स्विच खालून बंद केला, वर झाकण घातलं. "खांद्याचा दाब डावीकडे जरा कमी बसतो," म्हणाल्या, "तेवढं बघून घ्या." आणि गेल्या.

पुढच्या वर्षभरात मी सगळं नीट केलं. मालकाचं लॉगिन माझ्या नंबरवर घेतलं. केरळच्या शाळा कधी, गोव्याच्या कधी, नागपूरच्या कधी, असा मोठा तक्ता करून भिंतीवर लावला. दादाला त्याच्यासमोर उभा करून वाचायला लावला. फेब्रुवारीत शीट आली. मशीनवर बसवायला एक मुलगी मिळाली, आठ दिवसांत कंटाळून गेली. मग मीच बसले. माझे फुग्याचे कोपरे अजूनही गळतात. एप्रिलमधल्या अवकाळी पावसानंतरच एका आईने लिहिलं, "आधीचा घेतला होता तो दोन वर्षं टिकला, हा पहिल्याच दिवशी गळला, दप्तर भिजलं." खाली भिजलेल्या वहीचा फोटो, तपकिरी कव्हर घातलेली, वर लेबलावरचं नाव पसरलेलं. मी तो फोटो किती वेळा बघितला काय माहीत.

मेच्या मध्याला दादा गावी निघाला. जाताना त्याने आपला मोबाईल काढला आणि मशीनच्या टेबलावर ठेवला. नुसतं कार्ड नाही, अख्खा फोन, चार्जरसकट.

"हे कशाला?" मी विचारलं. "लॉगिनचा नंबर बदललाय आता, तुझ्या फोनची गरज नाही."

"असू दे," म्हणाला. "लागलाच तर असू दे." आणि मान खाली घालून गेला. तेव्हा पहिल्यांदा मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं नाही.

तो गेल्यावर मी ताईंना फोन केला. दुपार होती, त्यांची जेवणाची सुट्टी असणार, मागे डब्यांचा आवाज येत होता. मी सगळं भडाभडा सांगितलं. लॉगिन आता माझ्याकडे आहे, माल पहिल्या पानावर आलाय, दुसऱ्या लॉटची शीट आधीच घेऊन ठेवलीय, कुणी काही बंद करणार नाही. या ना परत. तुम्ही गेल्यापासून एक कोपरा धड नाही बसला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी मुलींची चौकशी केली तर मोठी दहावीला गेली म्हणाल्या. त्यांनी खांद्याच्या डाव्या दाबाचं विचारलं. मग म्हणाल्या, "नको मॅडम. लांब पडतं, पाय दुखतात, सगळं खरंय. पण इथं कधी काम बंद असलं ना, तर आदल्या महिन्यात सांगतात."

मी बरं म्हटलं. कुरिअरवाला खालून हाका मारत होता. एर्नाकुलमची बारा पाकिटं होती, ती घेऊन मी जिना उतरले.